आईला शौचाला काळी होते: रक्तवाढीची गोळी की दुखण्याची गोळी?

प्राजक्ता_कऱ्हाड

नमस्कार. आईविषयी विचारायचं आहे. वय ६१, वजन ५४ किलो. गुडघे दुखतात म्हणून ती गेली दोनेक वर्षं गोळ्या घेते. सुरुवातीला डॉक्टरांनी पाच दिवसांच्या लिहून दिल्या होत्या. पुढे मेडिकलमध्ये जुनं पाकीट दाखवलं की मिळत गेल्या. पाकिटावर ॲसिक्लोफिनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ असं आहे. सकाळ-संध्याकाळ एकेक, लग्नकार्य असलं की तिसरीही. त्याशिवाय बीपीची गोळी, आणि रक्त पातळ राहावं म्हणून ॲस्पिरिन ७५.

महिन्यापूर्वी दमायला होतं म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.९ निघालं. मागच्या वर्षीच्या शिबिरातल्या कागदावर ११.६ आहे. तेव्हापासून फेरस ॲस्कॉर्बेटची १०० मिग्रॅची गोळी चालू आहे. शौचाला काळी होते, पोटात कालवतं, मळमळतं. आता आई म्हणते, "लोखंड पचत नाही मला, बंद करते." काल पुन्हा रक्त तपासलं, ७.६ आलं. गोळी बदलून घ्यावी का? कुठली कमी त्रास देते?

बंडोपंत

प्राजक्ताताई, घाबरू नका. लोहाच्या गोळ्यांनी काळी होणारच. माझ्या मिसेसला सहा महिने होत होती. उलट काळी झाली म्हणजे गोळी पोटात जाते आहे हे कळतं. आणि दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी घेतली तरच त्रास देते. भाकरी-भाजी खाऊन वर घेतली, सोबत पित्ताची गोळी घेतली, की काही होत नाही. मी स्वतः कंबरेसाठी तशीच घेतो. लोहाची गोळी बदलून सिरप घ्या, सिरप सौम्य असतं.

सायली_सात

मलाही हाच त्रास! सहावा महिना चालू आहे. उपकेंद्रातून आशाताईंनी लाल गोळ्या दिल्यात. चार-चार दिवस पोट साफ होत नाही आणि झालं की काळं कुळकुळीत. सासूबाई म्हणतात बाळ काळं होईल, बंद कर. मी काय करू?

नर्मदा_सिस्टर

सायली, गोळीने बाळाचा रंग बदलत नाही, ते मनातून काढून टाक. नंदुरबारकडे मी खूप वर्षं या गोळ्या वाटल्या आहेत. न घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं घराच्या आढ्यावर खोचलेली सापडायची, आणि विचारलं की हेच कारण पुढे यायचं. तुझ्या लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह आहे आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढीच.

तुला कॅल्शियमच्या गोळ्याही दिल्या असतील. त्या लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नकोस, दोन तासांचं अंतर ठेव. कॅल्शियम जेवणाबरोबर, लोहाची गोळी झोपायच्या आधी, लिंबूपाण्याबरोबर. पण गिळली की लगेच आडवी होऊ नकोस. पेलाभर पाणी पी आणि थोडा वेळ बसून राहा, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकते आणि तिथेच जळजळ करते. चहा मात्र तासभर आधी नको आणि नंतर दोन तास नको.

मलावरोधाला इसबगोल चालेल, पण भरपूर पाण्याबरोबर. या दिवसांत हार्मोन्समुळेही आतडी मंदावतात, सगळं खापर गोळीवर फोडू नकोस.

प्राजक्ता, तुझ्या आईचा प्रश्न मात्र मला सायलीसारखा वाटत नाही. गोळी चालू असताना हिमोग्लोबिन खाली कसं गेलं?

जठराग्नी

मी पोटविकारांचा डॉक्टर आहे. बंडोपंतांचं उत्तर अर्ध्यापर्यंत बरोबर आहे, पण पुढच्या अर्ध्यावर विसंबून या बाईंना घरी ठेवता येणार नाही.

प्राजक्ता, तीन गोष्टी आत्ता आईला विचारून इथे लिहा. लोहाची गोळी सुरू होण्याआधी शौचाचा रंग कसा होता? आता ती घट्ट, खड्यांची होते की पातळ, चिकट आणि नेहमीपेक्षा घाण वासाची? आणि उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का?

उत्तर येईपर्यंत दुखण्याची गोळी देऊ नका. लोहाची कुठली गोळी सौम्य हा प्रश्न आज बाजूला ठेवा.

प्राजक्ता_कऱ्हाड

आईशी फोनवर बोलले. आधी सांगायला लाजत होती. म्हणते, पाडव्याच्या आसपासपासूनच काळसर व्हायची, म्हणजे लोहाच्या गोळीच्या बरीच आधी. तेव्हा मध्येच आठवडाभर बरी, मग परत काळी. आता पातळसर आहे, भांड्याला चिकटते, दोन तांबे पाणी टाकलं तरी निघत नाही. वास खूप येतो म्हणून ती स्वतःच फिनेल टाकते. उठल्यावर गरगरतं, पण ते ती अशक्तपणावर ढकलते. पोटात दुखत मात्र अजिबात नाही. दुखत नाही म्हणजे अल्सर नसेल ना?

जठराग्नी

आज रात्रीच दवाखान्यात न्या, जिथे रक्त चढवायची सोय आणि दुर्बीण आहे अशा ठिकाणी. सकाळची वाट पाहू नका. सोबत गोळ्यांची सगळी रिकामी पाकिटं आणि रक्ताचे तिन्ही रिपोर्ट घ्या. ॲस्पिरिन तुम्ही आपणहून कायमची बंद करू नका. ती कशासाठी चालू केली होती ते तिथल्या डॉक्टरांना सांगा, ते ठरवतील.

दुखत नाही याचा आधार घेऊ नका. दुखण्याची गोळी अल्सरचं दुखणंही दाबते. उतारवयात पहिलं लक्षण पुष्कळदा थेट काळी शौच किंवा चक्कर हेच असतं.

कारणं सविस्तर नंतर लिहितो. तुम्ही निघा.

बंडोपंत

डॉक्टर, मग काळ्यात आणि काळ्यात फरक ओळखायचा कसा? आमच्याकडे तर मिसेसला अगदी काळी व्हायची आणि काहीही झालं नाही.

जठराग्नी

हाच प्रश्न कळीचा आहे, म्हणून सवडीने लिहितो.

गिळलेल्या लोहापैकी अंगी लागतं साधारण दहा-वीस टक्के, शरीरात लोहाची फार ओढ असली तर थोडं जास्त. बाकीचं मोठ्या आतड्यापर्यंत तसंच जातं. तिथले जिवाणू गंधकाचे संयुग तयार करत असतात. लोहाचा त्याच्याशी संयोग होऊन काळं आयर्न सल्फाइड बनतं. म्हणजे रंग येतो तो न शोषलेल्या लोहाचा. काळी झाली म्हणजे गोळी लागू पडली, असं त्यावरून म्हणता येत नाही. पोटात गेली एवढंच कळतं. ही शौच बहुधा बांधीव असते, कोरडी असते, आणि पांढऱ्या कागदाला लागली की कडेला हिरवट झाक दिसते. वास नेहमीचाच.

जठरातून रक्त येतं तेव्हा आम्लाने आणि पुढे आतड्यातल्या जिवाणूंनी त्यातल्या हिमोग्लोबिनचं रूप पालटतं आणि ते काळं पडतं. पण ही शौच ताज्या डांबरासारखी असते, चकचकीत, चिकट, ओढली जाणारी. आतड्यात रक्त असलं की ते जुलाबासारखं काम करतं, म्हणून शौच सैल होते. लोहाची गोळी घेणाऱ्याला बहुतेक वेळा खडा होतो. लोहाच्या गोळीवर असूनही शौच सैल, चिकट आणि दुर्गंधीची असेल, तर मी आधी रक्तच गृहीत धरतो. जठरात ५०–१०० मिली रक्त सांडलं तरी असा रंग यायला पुरेसं होतं.

यात एक मोठी अडचण आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि मग रंगावरून, पोतावरून काहीच ठरत नाही. शिवाय रोज थोडं थोडं झिरपत असेल तर शौच काळी न होताही हिमोग्लोबिन उतरत जातं. अशा वेळी रक्ताच्या कागदावरचे आकडे बोलतात. लोहाची कमतरता असलेल्या माणसाने गोळी नीट घेतली तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ते दोन अंकांनी वर यायला हवं. प्राजक्ताच्या आईचं ७.९ वरून ७.६ झालं. गोळी घेतली जात असताना असं होतं तेव्हा एक तर लोह आत जात नाही, किंवा रक्त बाहेर जातं आहे.

विलास_लीड्स

मी इथे फार्मासिस्ट आहे. पोटात कालवण्याबद्दल थोडी भर घालतो, कारण प्राजक्ताताईंचा मूळ प्रश्न तो होता आणि इतरांनाही उपयोग होईल.

मळमळ आणि पोटातली जळजळ ही जठराच्या अस्तराला थेट लागणाऱ्या लोहामुळे होते, आणि ती सुट्ट्या लोहाच्या मात्रेप्रमाणे वाढते. पाकिटावरचा मोठा आकडा आणि आतलं लोह एकच असतं असं नाही. आमच्याकडे फेरस सल्फेटची २०० मिग्रॅची गोळी असते, तिच्यात लोह असतं ६५ मिग्रॅ. तुमच्याकडच्या १०० मिग्रॅ ॲस्कॉर्बेटवर बहुधा सुट्ट्या लोहाचाच आकडा छापलेला असतो. दोन गोळ्यांची तुलना करताना पाकिटावरची ती ओळ वाचा. एखादी गोळी 'सौम्य' वाटते तिच्यात पुष्कळदा फक्त लोह कमी असतं.

हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांनी मळमळ कमी होते हे खरं, पण लोह शोषलं जातं ते जठरापासून लगेच पुढच्या आतड्यात. गोळी तिथून पुढे जाऊन विरघळली तर त्रासही कमी आणि फायदाही कमी. सिरपचंही तसंच: मात्रा कमी म्हणून सौम्य, आणि दात काळे होतात ते वेगळंच.

आणखी एक. लोहाची गोळी घेतली की यकृत हेपसिडिन नावाचं हार्मोन सोडतं, आणि पुढचे २४ तास आतडं लोहाला दार लावून घेतं. म्हणून दिवसात दोन गोळ्या घेतल्या तर दुसरीतलं बरंचसं लोह खाली मोठ्या आतड्यातच जातं. झुरिकमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या तरुणींवर हे मोजून दाखवलं. एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह रोज घेतलेल्या गोळीपेक्षा जास्त प्रमाणात शोषलं जातं. मळमळ सोसत नाही म्हणून गोळी सोडणाऱ्याला मी दिवसाआड घ्यायला सुचवतो.

नर्मदा_सिस्टर

विलासदादा, हे वाचून गरोदर बाया दिवसाआड घ्यायला लागतील. त्यांना रोजचीच लिहिली आहे. आणि गावात दिवसाआड म्हटलं की आठवड्याला एक होते, हा माझा अनुभव. सायली, तू रोजच घे.

विलास_लीड्स

मान्य. गरोदर बाईने स्वतःहून बदल करू नये. तसंही प्रत्येक गोळीमागे शोषण जास्त होतं हे पक्कं आहे, पण तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन कुणाचं जास्त वाढतं यावर अजून एकमत नाही. हिमोग्लोबिन फार खाली असेल तर रोज द्यावी असं बरेच डॉक्टर मानतात.

राजूसर_परभणी

माझं वेगळंच आहे. मणक्याच्या ऑपरेशननंतर ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी चालू आहे. सोबत लोहाची. पोट दुखत नाही, जळजळ नाही, काळी होते पण अगदी कोरडी. मात्र आठवड्यातून दोनदाच होते. काल जोर केल्यावर लाल रक्त पडलं. मलाही अल्सर झाला का? आणि रोज दोन चमचे इसबगोल घेतो तरी उपयोग का होत नाही?

जठराग्नी

राजूसर, 'पेनकिलर' म्हणून आपण दोन वेगळ्या कुळातल्या गोळ्या एकाच नावाने ओळखतो. प्राजक्ताच्या आईची गोळी सूज उतरवणाऱ्या कुळातली आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड हे सगळे त्यातले. ते अस्तर उघडं पाडतात. तुमची ट्रॅमाडॉल अफूच्या कुळातली. अफूच्या कुळातल्या औषधांना बसायला आतड्याच्या भिंतीतही जागा असतात. तिथे ती बसली की आतड्याची पुढे ढकलणारी हालचाल मंदावते, मळ जास्त वेळ आत राहतो आणि त्यातलं पाणी शोषलं जाऊन खडा होतो. गुंगी आणि मळमळ यांची शरीराला काही दिवसांत सवय होते. मलावरोधाची होत नाही. त्यावर लोहाची गोळी म्हणजे दुप्पट.

म्हणूनच इसबगोल चालत नाही. ते मळाचा आकार वाढवतं, पण ढकलणारा जोरच कमी झाला आहे. पाणी कमी प्यालात तर उलट चोंदतं. अशा वेळी आतड्याला चालना देणारं सोनामुखीचं औषध किंवा पाणी धरून ठेवणारं पॉलिएथिलीन ग्लायकॉल लागतं. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारून सुरू करा, आणि ट्रॅमाडॉल कधी थांबवायची तेही विचारा. जोर केल्यावरचं ताजं लाल रक्त बहुधा गुदद्वाराच्या चिरेचं असतं, पण एकदा दाखवून घ्या. अल्सरचं रक्त तिथपर्यंत लाल येतं तेव्हा रक्तस्राव फार मोठा असतो आणि माणूस धाग्यावर लिहायच्या अवस्थेत नसतो.

मासिक पाळीच्या दुखण्यावर डायसायक्लोमिन असलेली जी जोडगोळी मिळते, तिनेही मलावरोध होतो, कारण तिचं कामच आतड्याची हालचाल शांत करणं आहे.

बंडोपंत

माझा मुद्दा राहिलाच. जेवून घेतली तरी दुखण्याची गोळी लागते का? आणि इंजेक्शन घेतलं तर पोटाचा प्रश्नच येत नाही, असं आमच्या इथले डॉक्टर म्हणतात.

जठराग्नी

गोळी अस्तराला चिकटून जळजळ करते, तेवढा भाग जेवल्याने कमी होतो. पण अल्सर होतो तो मुख्यतः त्यामुळे नाही.

आपल्या जठरात आम्ल असूनही जठर स्वतःला पचवत नाही, कारण त्याच्या अस्तरावर चिकट थर असतो, त्या थरात आम्ल मारणारा क्षार असतो आणि खाली भरपूर रक्तपुरवठा असतो. हे सगळं चालू ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं लागतात. गुडघ्यात सूज आणि दुखणं वाढवणारी रसायनंही त्याच घराण्यातली. दुखण्याची गोळी ती बनवणारं विकर अडवते, आणि ती रक्तातून सगळीकडे पोचते. गुडघ्यात आराम पडतो तेव्हा जठरातली राखणही उठलेली असते. म्हणून इंजेक्शन घ्या, गुदद्वारातून घ्या, आतड्यात विरघळणारा मुलामा दिलेली घ्या, अल्सरचा धोका राहतोच. ॲस्पिरिन ७५ सोबत असेल तर तो बराच वाढतो, कारण ती रक्त गोठवणाऱ्या कणांनाही निकामी करते. जखम होते आणि भरत नाही.

पित्ताची गोळी, म्हणजे पँटोप्रॅझॉल वगैरे, जठराला खरोखर वाचवते. वय झालेलं, आधी अल्सर झालेला, ॲस्पिरिन किंवा स्टेरॉइड चालू असलेला माणूस असेल तर ती द्यायलाच हवी. पण तिचा पहारा जठर आणि लगतच्या आतड्यापुरता. पुढच्या लहान आतड्यात दुखण्याच्या गोळ्यांनी होणाऱ्या जखमा ती थांबवत नाही. दुसरं म्हणजे लोह शोषायला आम्ल लागतं आणि ती आम्ल कमी करते. म्हणजे दुखण्याची गोळी रक्त सांडते, पित्ताची गोळी लोह आत जाऊ देत नाही, आणि घरचे म्हणतात लोहाची गोळी लागू पडत नाही. असे रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात.

बंडोपंत, तुम्ही कंबरेसाठी किती दिवस घेता आहात? एकदा हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही याच रसायनांवर असतो.

कोकणचा_राजा

आमच्याकडे जांभळं, करवंदं खाल्ली तरी काळी होते. बीट खाल्लं की लाल. उगाच सगळ्यांना दवाखान्यात धाडू नका. शिवाय शौचातल्या रक्ताची तपासणी असते ना? डबीत दिली की कळतं.

विलास_लीड्स

जांभळांनी काळसर होते, बरोबर आहे. पण त्याने चक्कर येत नाही आणि हिमोग्लोबिन ११.६ वरून ७.९ होत नाही.

डबीच्या तपासणीबद्दल: जुन्या रासायनिक पद्धतीत जास्त 'क' जीवनसत्त्व घेतलं असेल तर रक्त असूनही निकाल नाही असा येऊ शकतो, आणि लोहाच्या गोळ्यांबरोबर लिंबू किंवा 'क' जीवनसत्त्व दिलेलंच असतं. नवी पद्धत मोठ्या आतड्यातलं रक्त पकडते. जठरातलं रक्त वाटेत पचून जातं, म्हणून ते तिला बऱ्याचदा सापडत नाही. लोहाच्या गोळीने मात्र नवी तपासणी खोटी 'आहे' येत नाही. तरी अशा प्रसंगात 'नाही' आलं म्हणून स्वस्थ बसता येत नाही.

प्राजक्ता_कऱ्हाड

सगळ्यांना सांगते. त्या रात्रीच नेलं. दारातच सिस्टरांनी नाडी मोजली, १०८. निजलेली असताना वरचं बीपी ११०, उभं केल्यावर ९०. डॉक्टरांनी हातमोजा घालून तपासलं आणि बोटाला लागलेलं मला दाखवलं: काळंभोर, चकाकणारं, पुसूनही निघेना. हिमोग्लोबिन ७.१. युरिया ६८ आणि क्रिएटिनिन ०.९. किडनी ठीक असताना युरिया वाढलेला दिसतो म्हणजे आतड्यात रक्त पचतं आहे, असं ते म्हणाले. हे मला नवीन होतं.

सकाळी दुर्बिणीने पाहिलं. जठराच्या खालच्या भागात एक सेंटिमीटरचा अल्सर, तळ स्वच्छ, रक्त थांबलेलं. तिथूनच तुकडा घेऊन तपासला तर एच. पायलोरी जंतूही निघाला. एक बाटली रक्त दिलं. ॲस्पिरिन कुणी सुरू केली विचारलं तर आई म्हणाली, शेजारच्या काकूंना बीपीसाठी दिलेली बघून तिने मेडिकलमधून आणली होती. हृदयाचा, पक्षाघाताचा काही इतिहास नाही, म्हणून ती बंद. दुखण्याची गोळीही बंद. लोह आता शिरेतून दिलंय, कारण दोन महिने पित्ताची गोळी चालणार आहे. जंतूसाठी १४ दिवसांचा कोर्स.

आता दोन प्रश्न. गुडघ्याचं काय करायचं? ती रात्री कण्हते. आणि कालपासून पुन्हा काळी होते आहे, जीभही काळी दिसते. मला धडकी भरली आहे.

जठराग्नी

वेळेवर नेलंत. कोर्समध्ये बिस्मथ आहे का ते पाकिटावर बघा. असेल तर शौच आणि जीभ दोन्ही काळी होतात, इथेही गंधकाशीच संयोग होतो, आणि कोर्स संपल्यावर काही दिवसांत जाते. तरी रंगावर विसंबू नका. नाडी शंभराच्या वर, उभं राहिल्यावर चक्कर, किंवा पुन्हा चिकट-दुर्गंधीची शौच यांपैकी काही दिसलं तर बिस्मथ चालू असो वा नसो, परत न्या. तिथल्या डॉक्टरांना विचारून आठवड्याने एक हिमोग्लोबिन करून घ्या, म्हणजे आकड्यावरून कळेल.

गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, दिवसाची कमाल मात्रा डॉक्टरांकडून लिहून घेऊन. जठराच्या राखणीला ती धक्का लावत नाही, पण संधिवातात तिचा उपयोग मर्यादित असतो हेही खरं. डायक्लोफिनॅकचा जेल गुडघ्यावर चोळला तर रक्तात फार थोडं औषध उतरतं. अल्सर भरेपर्यंत तोही तिथल्या डॉक्टरांना विचारूनच. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, त्याने महिन्या-दोन महिन्यांत फरक पडतो.

अपर्णा_ठाणे

मधेच विचारते. पोटाला न लागणारी म्हणून आमच्या डॉक्टरांनी बाबांना एटोरिकॉक्सिब दिली आहे. ती प्राजक्ताच्या आईला चालेल का? बाबांना बीपी आहे.

जठराग्नी

ती मुख्यतः सुजेचं विकर अडवते, म्हणून जठराला त्रास कमी, पण अजिबात नाही असं नाही. बीपी मात्र ती वाढवते, आणि हृदयाचा धोकाही आहे. बीपी ताब्यात नसेल तर ती देत नाहीत. बाबांचं बीपी ती सुरू झाल्यापासून किती आहे ते बघून डॉक्टरांना सांगा. प्राजक्ताच्या आईला, अल्सर ओला असताना आणि बीपीही असताना, मी देणार नाही. अल्सर भरल्यावर पँटोप्रॅझॉल जोडून द्यावी का, यावर आमच्यातही दोन मतं आहेत.

सायली_सात

सिस्टर, गोळी रात्री घ्यायला लागले, कॅल्शियम दुपारी. आता दिवसाआड साफ होतं. काळी अजून होते, पण बांधीव आहे, हिरवट कड दिसते. पुढच्या मंगळवारी हिमोग्लोबिन आहे, मागचं ९.८ होतं. किती यायला हवं?

नर्मदा_सिस्टर

९.८ आहे म्हणजे तुला एक नव्हे, दोन गोळ्या लिहून द्यायला हव्या होत्या. आशाताईंना विचार, कार्डावर काय लिहिलंय. महिन्याभरात एक अंकाने वर नाही आलं तर मंगळवारीच डॉक्टरांना भेट, पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नकोस.